घसा कोणी बसवला?

लोकलमध्ये जो जोरात खोकतो त्याच्याभोवती आपोआप जागा होते, अशी एक समजूत आहे. २०२० च्या जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या पुन्हा धावू लागल्या, तेव्हा ती थोडीफार खरी होती. नुसतं खाकरलं तरी समोरचा मागे सरकायचा, कारण त्याच्या मागे सरकायला जागा होती. आता फुफ्फुसं बाहेर येईपर्यंत खोकलं तरी शेजारचा फार तर मान वळवतो, तीही वळण्याइतकी मोकळी असली तर.

रेल्वेच्या भाषेत या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. हा आकडा वाचून काही होत नाही, म्हणून मी एकदा हिशेब मांडला. ऑफिसात अर्ज ज्यावर छापतात तो ए-फोर कागद बरोबर एका चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. म्हणजे डोंबिवलीहून निघालेला पासधारक तास-सव्वातास एका ए-फोर कागदावर उभा असतो. त्यात त्याचे दोन पाय, पोट आणि पाठपिशवी पुढे घेतली असेल तर डबाही बसवायचा.

आता या कागदावर ‘दो गज की दूरी’ ठेवून पाहा. दोन गज म्हणजे साधारण सहा फूट आणि डब्याची रुंदी बारा फूट. मधोमध उभं राहून सहा फुटांचा फेर धरला तर तो दोन्ही दारांना टेकतो आणि त्यात दीडशेच्या आसपास माणसं येतात. बाकं, दांडे आणि कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांची पिशवी वजा करा. तरीही ज्यांच्यापासून लांब राहायचं ते सगळे तुमच्या आतच आहेत. तेव्हा अंतराचा विषय इथेच संपला. उरलं काय, तर आपलं नाक आणि आपले हात. खिडकीही आपलीच म्हटली असती, पण ती कल्याणहून आलेल्या माणसाची असते.

आमच्या ग्रुपात कोणाला नाव नाही. जो जिथे काम करतो ते त्याचं नाव. त्यामुळे बँक, मंत्रालय, कस्टम, कॉलेज अशी सगळी शासनव्यवस्था आमच्या डब्यात एकमेकांच्या पायावर उभी असते. परळच्या एका पॅथॉलॉजीत काम करणारा एक कमी बोलणारा माणूस आहे, तो लॅब.

तर गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी बँक बसली. म्हणजे घसा बसला. बँकेतले काका पंचावन्नचे, आवाज एरवी खणखणीत, ठाण्याला ‘आत सरका’ म्हणाले की मुलुंडपर्यंत लोक सरकायचे. त्या दिवशी त्यांनी खुणेनंच सांगितलं की गिळताना दुखतंय, अंगात कणकण आहे, आणि ज्यानं हे केलं तो आपल्याला ठाऊक आहे. घाटकोपरला चढणारा निळ्या पिशवीचा माणूस. तो नुकताच, दहा मिनिटांपूर्वी, काकांच्या खांद्यावर शिंकला होता.

आजारी पडलेल्या प्रत्येक प्रवाशाला आपला गुन्हेगार ठाऊक असतो आणि तो नेहमी सगळ्यात शेवटी शिंकलेला माणूस असतो. इथे लॅबनं तोंड उघडलं. ‘काका, तुमचा घसा सकाळी उठल्यापासून दुखतोय ना? मग हा आत्ता शिंकला त्याचं काय? याचं बिल तुम्हाला शनिवारी येईल.’

मग त्यानं सांगितलं ते असं. जंतू शरीरात शिरला की लगेच दुखत नाही. साध्या सर्दीचे विषाणू एक ते तीन दिवस घेतात. फ्लू एक ते चार, बहुतेकदा दोन. घशाचा तो जिवाणू, ज्याला डॉक्टर स्ट्रेप म्हणतात, दोन ते पाच दिवस घेतो. गुरुवारी सकाळी घसा धरला असेल तर गुन्हा सोमवार-मंगळवारचा. निळी पिशवी त्या दोन्ही दिवशी आलीच नव्हती, हे मंत्रालयानं लगेच सांगितलं. मंत्रालयाला सगळ्यांच्या रजा पाठ असतात.

आता मंगळवार आठवायला सुरुवात झाली. मंगळवारी धुवाधार पाऊस. खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्या, दारातले लोक भिजायला नको म्हणून आत घुसलेले. साध्या लोकलचं एक बरं असतं, दारं सताड उघडी असल्यानं वारा आरपार वाहतो आणि कोणाच्या तोंडून जे काही उडेल ते फार वेळ तरंगत राहत नाही. त्या दिवशी ती सोय गेली होती. (एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली, तिची दारं बारा महिने बंदच. तिथला गारवा सुखद असतो, पण श्वासही सगळ्यांचा सामाईक असतो.) त्यात मंगळवार म्हणून पलीकडच्या बाकांवर भजन. आवाज जितका मोठा तितके बारीक तुषार जास्त, आणि गाण्यात तर बोलण्याहूनही जास्त. पण भजनी मंडळ सगळं धडधाकट होतं, गुरुवारीही टाळ वाजत होते.

‘बुधवारी कोण नव्हतं?’ लॅबनं विचारलं.

कस्टम नव्हता. आणि मंगळवारी, मुलगी दहावीला चांगल्या टक्क्यांनी पास झाली म्हणून, कस्टमनं अर्ध्या डब्याला पेढे वाटले होते. बँक त्याच्या समोर नाकाला नाक लावून उभी होती आणि ठाण्यापासून भायखळ्यापर्यंत सायन्स की कॉमर्स यावर दोघांचा वाद चालला होता. कस्टमला तेव्हा काहीच होत नव्हतं. रात्री ताप आला, बुधवारी तो घरी झोपला.

हीच यातली वाईट खोड आहे. फ्लू झालेला माणूस त्रास सुरू व्हायच्या एक दिवस आधीपासून तो वाटत असतो. त्या दिवशी तो हसतो, चर्चा करतो, पेढे देतो. आपण मात्र डब्यात खोकणाऱ्याकडे डोळे वटारत बसतो आणि खरा उद्योगी आपल्याच ग्रुपात, आपल्याच विनोदावर टाळी देत असतो. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत उतरलेला तो मोठा फ्लू रेल्वेनंच देशभर गेला. त्यालाही तिकीट काढणारा माणूस आजारी दिसायची गरज पडली नव्हती.

काकांना आता पेढ्याचा संशय आला. लॅबनं पेढ्याला निर्दोष सोडलं नाही, पण मुख्य आरोपीही केलं नाही. घसा धरला तरी या विषाणूंची आवडती दारं नाक आणि डोळे. तासभर नाकासमोर नाक धरून, झडपा बंद असताना, चढ्या आवाजात वाद घातल्यावर हवेचा मार्ग पुरेसा होता. पेढ्याचा हात हा जोडधंदा.

या जोडधंद्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपण सगळे भलत्याच ठिकाणी घाबरतो. लोकलची कडी पाहून अंगावर काटा येणारे लोक मी पाहिलेत. रुमाल गुंडाळून कडी धरतात आणि मग त्याच रुमालानं तोंड पुसतात. गुळगुळीत, टणक वस्तूवर फ्लूचा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो हे खरं. पण हातावर आला की तो पाचेक मिनिटांत मरगळतो. सर्दीचा मात्र चिवट, हातावर तासन्तास टिकणारा. तरी नुसती कडी धरून कोणाला काही होत नाही. कडी धरलेला हात चेहऱ्याला लागला तर होतं. आणि तो लागतोच. सिडनीमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांचं चित्रीकरण करून मोजलं होतं, ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. माणसं तासाला सरासरी तेवीस वेळा चेहऱ्याला हात लावत होती आणि त्यातले जवळपास निम्मे स्पर्श नाक, तोंड, डोळे यांना. हे उद्याचे डॉक्टर होते, बरं का.

आता यात लोकलची गंमत पाहा. गाडी भरलेली असते तेव्हा तुमचा एक हात कडीत आणि दुसरा कोणाच्या तरी बरगडीखाली अडकलेला असतो. नाकाला खाज सुटली तर तुम्ही नाक हलवता, डोळे मिचकावता, शेजाऱ्याच्या पिशवीला नाक घासण्याचा विचार करता, पण हात पोचत नाही. चेहऱ्याला हात न लावण्याची ही सक्ती रेल्वे विनामूल्य करते. धोका सुरू होतो तो गाडीतून उतरल्यावर. दादरला लोंढ्यानं बाहेर फेकलेला माणूस पहिलं काम काय करतो? दोन्ही हातांनी तोंड पुसतो. मग डोळे चोळतो. मग वडापाव घेतो.

म्हणून हात धुवायची जागा दर स्टेशन नाही, तर तो वडापाव. त्याआधी, आणि ऑफिसात पोचल्यावर चहाच्या आधी. वीस सेकंद साबण, त्यात अंगठे आणि बोटांची टोकं, कारण घाईत धुणारा माणूस फक्त तळवे चोळून मोकळा होतो आणि कडी धरतो ती बोटांनी. स्टेशनवर नळ सापडतो, साबण सापडत नाही. पासाच्या पाकिटात कागदी साबण ठेवणारे लोक मला फार शहाणे वाटतात. तेही नसेल तर सॅनिटायझर, पण बाटलीवर अल्कोहोल ६० टक्के किंवा जास्त लिहिलेलं पाहून. नुसता लिंबाचा वास आणि निळा रंग म्हणजे सॅनिटायझर नव्हे. थेंबभर लावून पँटला पुसायचं नाही. हात वीसेक सेकंद ओले राहतील एवढं घ्यायचं आणि आपोआप वाळेपर्यंत चोळायचं. हात तेलकट किंवा मळलेला असेल तर त्याचं काही चालत नाही, तिथे साबणच.

ज्यांना एवढंही लक्षात ठेवायचं नाही त्यांच्यासाठी लॅबची एक पद्धत आहे. तो कडी कायम डाव्या हातानं धरतो. मोबाइल, चष्मा आणि खाज या तिन्ही गोष्टी उजव्याकडे. डावा हात ऑफिसच्या नळापर्यंत गाडीचा, उजवा त्याचा. गर्दीत ही वाटणी सदैव पाळता येत नाही, पण निम्मी पाळली तरी डोळ्याला लागणारा हात बहुधा बरा निघतो.

बसमध्ये हिशेब थोडा वेगळा. बेस्टमध्ये गर्दी कमी असते असं नाही, पण खिडकी कोणाचीही असू शकते, एवढी लोकशाही आहे. तिथला माझा आक्षेप अंगठ्याला आहे. सुट्टे पैसे मोजताना, नोट सुटी करताना जिभेला लावला जाणारा अंगठा. देणाराही लावतो, घेणाराही लावतो आणि दिवसभरात त्या दहाच्या नोटेची किती जिभांशी ओळख झाली ते तिलाच ठाऊक. मोबाइलवरून तिकीट निघायला लागल्यापासून ही ओळख कमी झाली आहे. ‘पुढे सरका, पुढे रिकामं आहे’ हे वाक्य मात्र तसंच आहे आणि पुढे तसंच रिकामं नसतं.

आता मास्क. महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर. तोवर मुंबईत दोनशे रुपये दंड होता, त्यामुळे मास्क तोंडापेक्षा पोलिसासाठी घातला जायचा. दंड गेला तसा मास्क पाठपिशवीच्या तळाशी, बडीशेपेच्या पुड्या आणि जुन्या पासांच्या सोबतीला गेला. आज कोणी घालून आला तर ग्रुप विचारतो, ‘काय, परत आला का?’

आमच्या डब्यात मास्क घालण्याच्या तीन-चार परंपरा होत्या. नाकाखाली घालणारे बहुसंख्य. सर्दीचा विषाणू नाकातून जातो हे लक्षात घेता, खिडकीला कुलूप लावून दार उघडं टाकण्याचाच हा प्रकार. दुसरे फोन आला की मास्क खाली करणारे. ‘हॅलो! अरे कुर्ल्याला आलोय!’ (गाडी विक्रोळीला.) म्हणजे जेव्हा सगळ्यात जोरात बोलायचं नेमका तेव्हाच मास्क नाही. आणि सगळ्यात थोर तो, जो शिंक आली की मास्क खाली ओढायचा, मोकळेपणानं शिंकायचा आणि पुन्हा वर चढवायचा. मास्क खराब होऊ नये म्हणून.

लोकलपुरतं बोलायचं तर मास्कची खरी अडचण घालण्याच्या वेळेत असते. एकदा आत गेल्यावर हात वर येत नाही, म्हणून तो पुलावरच चढवावा. वरची पट्टी नाकाच्या हाडावर दोन बोटांनी दाबून बसवावी. चष्मेवाल्यांना फुकटची परीक्षा असते. काचांवर वाफ धरली की समजावं, हवा वरच्या फटीतून ये-जा करते आहे. तीन पदरी साधा सर्जिकल मास्क बाजूंनी फटी ठेवतो, तरी मोठे तुषार अडवतो. घट्ट बसणारा एन-९५ त्याहून बराच सरस. पण तो धुवायचा नाही. त्याच्या कापडात विजेचा भार असतो, तो बारीक कण खेचून धरतो आणि साबणाच्या पाण्यात तो भारच निघून जातो. आमच्या मंत्रालयानं एकच एन-९५ दर रविवारी धुऊन इस्त्री केला होता. दिसायला अप्रतिम होता. ज्या मास्कला पुढे झडपेची वाटी असते तो घालणाऱ्याला आरामाचा, पण श्वास न गाळता बाहेर सोडतो. स्वतःच खोकत असाल तर तो समोरच्याच्या काही कामाचा नाही.

मे महिन्यात घामानं आणि जुलैत पावसानं मास्क भिजतो. भिजला की श्वास त्यातून न जाता कडेनं पळतो. म्हणून दुसरा, कोरडा, कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजतो. काढताना कानाच्या दोऱ्यांना धरून, पुढच्या भागाला हात न लावता. हे सगळं रोज करावं असं माझं म्हणणं नाही, एवढा उत्साह माझ्यातही नाही. पण पाऊस असेल, झडपा बंद असतील, एसी असेल किंवा घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ असेल, तर त्या तासापुरता करावा. आणि ज्याला स्वतःला शिंका सुरू झाल्यात त्यानं तर नक्की, कारण उगमाशी अडवलेलं सगळ्यात जास्त अडतं. रजा मिळाली तर घरीच राहणं उत्तम. पण आपल्याकडे घसा दुखतो म्हणून सीएल टाकणाऱ्याकडे साहेब ज्या नजरेनं पाहतो, ती नजर फ्लूपेक्षा जास्त दिवस टिकते.

कोपरात शिंका, असं कोविडच्या काळात सगळीकडे लिहिलेलं असायचं. ए-फोर कागदावर उभ्या माणसाचं कोपर त्याच्या मालकीचं नसतं. ते उचलून शिंकलं तर शिंक शेजाऱ्याच्या कानात पोचते. त्यापेक्षा हनुवटी छातीला लावून स्वतःच्या शर्टाच्या कॉलरमध्ये शिंकावं. शर्ट आपला, शिंक आपली.

काकांच्या घशाचं पुढे काय झालं ते सांगतो. डब्यातला दवाखाना लगेच उघडला. कॉलेजकडे मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या उरल्या होत्या, त्या त्यानं प्रेमानं पुढे केल्या. लॅबनं मधल्यामध्ये अडवल्या. मोठ्यांचे बहुतेक घसे विषाणूंचे असतात, तिथे ती गोळी काही करत नाही. काकांचं नाक वाहत होतं, खोकला होता, म्हणजे कल त्याच बाजूला. खोकला अजिबात नाही, ताप चांगलाच, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके, असं असतं तर स्ट्रेपच्या संशयानं डॉक्टरांनी घशाची तपासणी सांगितली असती. मग गोळी घ्यायची ती त्यांनी दिलेली आणि पूर्ण, कोणाच्या खिशातल्या दोन नव्हे. शाळकरी मुलांत तर हे टाळायचंच नाही, कारण उपचार न झालेला स्ट्रेप पुढे हृदयाच्या झडपांवर उठू शकतो. थुंकीही गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वासाला त्रास झाला तर पुढच्या स्टेशनला उतरून थेट हॉस्पिटल. काकांना यातलं काही नव्हतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडला. त्या घसा बरा करत नाहीत, बरा होईपर्यंत सोबत करतात. सोमवारपर्यंत ‘आत सरका’ मुलुंडऐवजी निदान ठाण्यापुरतं ऐकू येऊ लागलं.

त्याच सोमवारी कस्टमही आला, मास्क लावून, हातात पुन्हा पेढ्यांचा बॉक्स. मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ग्रुपनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं आपणहून जाहीर केलं, ‘अहो, हात एकदम स्वच्छ आहेत. आत्ताच भरपूर सॅनिटायझर लावलंय, बघा.’ काकांनी मोठ्या मनानं पहिला पेढा उचलला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

‘काय झालं, काका?’

‘कडू आहे,’ काका म्हणाले. ‘आणि लिंबाचा वास येतोय.’

लॅबनं कस्टमच्या हाताकडे पाहिलं. ‘वाळू द्यायचं असतं हो ते,’ तो म्हणाला आणि स्वतःचा पेढा बॉक्सच्या पार तळातून काढून घेतला.